चष्मा नेमका कधी निघतो?

लहान मूल नवा चष्मा काढून ठेवायला लागलं की घरात त्याला हट्टी म्हणतात. आजोबा म्हणतात, फार लाड झालेत. आजी म्हणते, होईल सवय हळूहळू. आणि आई-बाबा दिवसभर "चष्मा घाल, चष्मा घाल" करत मागे लागून दमून जातात. मी गेली अनेक वर्षं मुलांचे डोळे तपासण्याचं काम करते आणि माझा अनुभव असा आहे की पाच-सहा वर्षांच्या मुलाकडे चष्मा काढायला बहुतेक वेळा खरोखरच कारण असतं. फक्त ते त्याला सांगता येत नाही. म्हणून रागावलेले पालक समोर बसले की मी आधी एकच विचारते : दिवसात चष्मा नेमका कधी निघतो? घातल्या घातल्या, अर्ध्या तासानं, घराबाहेर पडल्यावर, की शाळेत? प्रत्येक उत्तराचं कारण वेगळं असतं आणि इलाजही वेगळा.

साताऱ्याच्या एका मुलीचं उदाहरण सांगते. पहिलीत होती, घरी तिला सगळे छोटी म्हणायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं, तेव्हा उजवा डोळा झाकल्याबरोबर ती तक्त्यापुढे गप्प झाली. मग हळूच मान तिरकी करून बोटांच्या फटीतून बघू लागली. झाकलेल्या डोळ्यानं चोरून बघणारं मूल दिसलं की आम्ही सावध होतो, कारण उघड्या डोळ्याला फारसं दिसत नसल्याची ती खूण असते. घरी हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, आणि येणार तरी कसं? उजवा डोळा उत्तम असल्यामुळे ती चित्रं रंगवत होती, सुईत दोरा ओवत होती, टीव्हीही लांबून बघत होती.

बाहुली मोठी करण्याचं औषध घालून तपासल्यावर उजव्या डोळ्याचा नंबर निघाला अधिक १.५०, आणि डाव्याचा अधिक ४.५०. डाव्या डोळ्यानं तक्त्यावरची ६/३६ ची ओळ जेमतेम वाचता येत होती, म्हणजे चांगला डोळा जे ३६ मीटरवरून ओळखतो ते तिला ६ मीटरवर यावं लागत होतं. खरी अडचण पुढेच होती. नंबराच्या काचा लावून पाहिलं तरी डावा डोळा लगेच एका ओळीपलीकडे सुधारला नाही. दोन डोळ्यांच्या नंबरात एवढा फरक असला की मेंदू स्पष्ट चित्र देणाऱ्या डोळ्यावर विसंबतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. डोळा धडधाकट असतो, पण मेंदू त्याचं पाहायला शिकलेला नसतो. चष्म्यानं त्या डोळ्यात पहिल्यांदाच स्पष्ट चित्र पडायला लागतं आणि मग आठवड्यांमागून आठवडे मेंदू ते वाचायला शिकतो. हे शिकणं साधारण सात वर्षांच्या आत सर्वांत झपाट्यानं होतं. त्यानंतरही सुधारणा होऊ शकते, पण ती संथ आणि कमी भरवशाची असते.

आता हे छोटीच्या बाजूनं बघा. उणे नंबरच्या मुलाला चष्मा लावला की झाडाची पानं वेगवेगळी दिसतात, फळ्यावरचं दिसतं, आणि ते स्वतःहून चष्मा मागतं. छोटीला चष्म्याशिवायही उजव्या डोळ्यानं सगळं छान दिसत होतं. उलट चष्मा लावल्यावर लांबचं किंचित पुसट व्हायचं. अधिक नंबरचं मूल जन्मापासून डोळ्यातले स्नायू आवळून स्वतःच आपला नंबर भरून काढत असतं. चष्मा लावल्यावर ते स्नायू सैल व्हायला हवेत, पण त्यांची सवय लगेच सुटत नाही. आवळलेले स्नायू आणि वर काच अशी दुहेरी मदत झाली की लांबचं धूसर दिसतं. "याच्यानं नीट दिसत नाही," असं छोटी म्हणाली तेव्हा ती खरंच बोलत होती. तिच्या आईला मी हे समजावलं तेव्हा त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा ताणच उतरला. मुलगी खोटं बोलते असं समजून आठवडाभर घरात रडारड चालली होती.

हा पुसटपणा साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. तोवर एक युक्ती कामी येते. सुरुवातीला चष्मा जवळच्या कामांशी जोडायचा : चित्रकला, गोष्टीचं पुस्तक, मोबाइलवरचं आवडतं कार्टून, जेवण. जवळचं पाहताना स्नायूंवर जास्त ताण येतो, तिथे चष्म्याचा आराम मुलाला जाणवतो. मग हळूहळू अंगण, रस्ता, शाळा. काही मुलांचे स्नायू सैल पडतच नाहीत. अशा वेळी डॉक्टर काही दिवस अ‍ॅट्रोपिनचं औषध घालायला देतात, त्यानं स्नायू विसावतात आणि चष्मा लावल्याशिवाय जवळचं दिसत नाही, म्हणून मूल तो सोडत नाही. हे औषध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालायचं नाही. घातल्यावर चेहरा लालबुंद झाला किंवा ताप आला तर ते थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं. त्याचा परिणाम आठवडा-दीड आठवडा टिकू शकतो, तेवढे दिवस उन्हात डोळे दिपतात. महिना उलटूनही मूल लांबचं बघताना चष्म्यावरूनच बघत असेल, तर मात्र नंबर पुन्हा तपासून घ्यावा.

छोटीच्या बाबतीत घराबाहेर पडताना चष्मा निघायचा त्याचं कारण हे होतं. पण घरातही अर्ध्या तासानं निघायचा, त्याचं कारण दुसरंच होतं, आणि ते तिच्या नाकावर दिसत होतं. तिच्या बाबांनी फ्रेम 'वाढत्या अंगाची' घेतली होती, मुलांचे कपडे घेतात तशी. चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे छापलेले असतात. छोटीच्या फ्रेमवर होते ४८-१६-१३०. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज मुलाच्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराच्या जवळपास असावी, म्हणजे डोळा काचेच्या मधोमध येतो. छोटीच्या बाहुल्यांमधलं अंतर होतं ५१, आणि फ्रेमची बेरीज ६४! लहान मुलाच्या नाकाचं हाडही अजून चपटं असतं, तिथे मोठ्यांच्या धाटणीचा पूल टिकतच नाही. चष्मा घसरायचा, ती बोटानं वर ढकलायची, परत घसरायचा, शेवटी ती काचेच्या वरून बघायला लागायची. काचेवरून बघणारा डावा डोळा उपचाराबाहेर राहतो. चष्मा नाकावर असूनही तो वेळ फुकट जातो.

नवी फ्रेम घेतली ती ४०-१४-१२० ची, गोलसर, प्लास्टिकची, मऊ सिलिकॉनच्या आधाराची, कानामागे वळणाऱ्या काड्यांची. दुकानातल्या माणसानं काड्या गरम करून तिच्या कानाच्या वळणाप्रमाणे वाकवल्या, मग तिला खाली वाकायला आणि मान हलवायला लावलं. एवढं झाल्याशिवाय दुकानातून निघूच नये. घरी आल्यावर दोन दिवस कानामागे आणि नाकावर बघत राहावं : लाल वळ उठला तर काडी आवळते आहे, चष्मा घसरला तर सैल आहे. दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत दुरुस्त होतात. काचा पॉलिकार्बोनेटच्याच घ्याव्यात, त्या फुटून डोळ्यात जाण्याची भीती फार कमी असते. खऱ्या काचेच्या भिंगांचा चष्मा लहान मुलाला घालूच नये.

आजीचं म्हणणं वेगळं होतं. "एवढ्यातच चष्मा लावला तर नंबर वाढत जाईल, आणि पुढे मुलीच्या जातीला..." हे वाक्य पुरं होत नाही, पण प्रत्येक घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. चष्म्यानं नंबर वाढत नाही, आणि न लावल्यानं तो जातही नाही. छोटीचा नंबर तिच्या डोळ्याच्या आकारमुळे आहे, तो आकार चष्मा बदलत नाही. वाया जाऊ शकते ती नजर. डाव्या डोळ्याची ६/३६ नजर तशीच राहिली तर पुढे चष्मा, लेन्स, शस्त्रक्रिया काहीच तिला परत आणू शकणार नाही. आजींना मी छोटीचा उजवा डोळा झाकून समोर बसवलं आणि तिला त्यांच्या कुंकवाचा रंग विचारला. छोटीला रंग सांगता आला, पण आजीच्या गळ्यातल्या मण्यांची पोत तिला दिसली नाही. त्या दिवसापासून सकाळी उठल्यावर तिचा चष्मा आजीच घालते.

शाळेतला प्रश्न मात्र घरच्यापेक्षा अवघड असतो. 'चष्मिश', 'ढापणी', 'सोडावॉटर' ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या साडेआठ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, चष्मा किंवा डोळ्यावर पट्टी लावणाऱ्या मुलांना इतर मुलांकडून त्रास होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळली होती. म्हणजे "दुर्लक्ष कर" म्हणून झटकून टाकण्याची ही बाब नाही. छोटीला चिडवायचं कारणही नेमकं होतं. अधिक नंबरची काच मागची वस्तू मोठी दाखवते, आणि तिची डावी काच उजवीपेक्षा तिप्पट ताकदीची. त्यामुळे समोरून तिचा डावा डोळा मोठा दिसायचा. "एक डोळा बटाटा," असं शेजारच्या बाकावरच्या मुलानं म्हटलं, आणि दुपारपर्यंत अर्धा वर्ग म्हणू लागला.

याचा थोडा इलाज फ्रेममध्येच होता. अधिक नंबरची काच मधे जाड असते, आणि फ्रेम जितकी लहान व गोल तितकी ती पातळ बनवता येते. नव्या लहान फ्रेममध्ये डोळ्यांतला फरक कमी जाणवू लागला. पण खरं काम तिच्या वर्गाच्या बाईंनी केलं, आणि मला ते फार आवडलं. छोटीचं नावही न घेता त्यांनी परिसर अभ्यासाच्या तासाला एक साधं भिंग आणलं. आधी ते पुस्तकातल्या अक्षरावर धरलं, मग मुंगीवर, मग एकेका मुलाच्या डोळ्यापुढे. सगळा वर्ग एकमेकांचे बटाट्याएवढे डोळे बघून खिदळला. चिडवणाऱ्या मुलाचा डोळाही मोठा दिसला. मग बाईंनी विचारलं, "डोळा मोठा झाला का खरंच?" सगळे ओरडले, "नाही, काचेमुळे!" चिडवायचं कारणच वर्गासमोर उघडं पडलं होतं. त्यानंतर छोटीकडे उत्तर तयार होतं, "काचेमुळे दिसतो तसा," आणि तिला ते मोठ्या तोऱ्यात देता यायचं. मुलाला असं छोटं, खरं, त्याच्या तोंडी बसेल असं एक वाक्य घरी दोन-चार वेळा म्हणायला लावावं. "तू सुंदरच दिसतेस" हे आईचं वाक्य मुलाला बरं वाटतं, पण मधल्या सुट्टीत त्याचा उपयोग होत नाही.

पालकांनी पहिल्या दिवसाच्या आधीच बाईंना किंवा सरांना भेटून दोन गोष्टी सांगाव्यात. चष्मा दिवसभर घालायचा आहे, फक्त वाचताना नाही. आणि मूल पहिल्या बाकावर बसलं किंवा नाही बसलं, चष्मा मात्र नाकावर हवा. चष्मा हिसकावणं, लपवणं, दुसऱ्याला घालायला लावणं हे चिडवणं नव्हे, ते मुख्याध्यापकांपर्यंत न्यावं. आणि एक घरातलं : काका, मामा, शेजारचे आजोबा "आल्या आमच्या प्रोफेसरबाई" म्हणून प्रेमानं गंमत करतात. सहा वर्षांच्या मुलाला ती गंमत कळत नाही. आधीच फोन करून सांगावं की चष्म्याबद्दल कुणी काही बोलू नका, चांगलंही नको.

फ्रेम तुटणारच, हे धरूनच चालावं. बहुतेक वेळा ती पडून तुटत नाही, काढताना तुटते. मूल एका हातानं एक काडी धरून चष्मा ओढतं, काडी बाहेर फाकते आणि मिजागरीपाशी खिळखिळी होते. दोन्ही हातांनी दोन्ही काड्या धरून पुढे काढायची सवय पहिल्याच दिवशी लावावी, खेळ म्हणून. दर रविवारी मिजागरीचे स्क्रू घट्ट आहेत का बघावं. स्क्रू पडला तर तात्पुरता जाड दोरा बांधावा, टाचणी किंवा तार लावू नये, ती डोळ्याजवळ असते. आणि झटपट चिकटणारा गोंद कधीही वापरू नये. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी धुरकट साय चढते, ती निघत नाही, आणि फ्रेमऐवजी महागाच्या काचाच जातात. पूल मधोमध तुटला की ती फ्रेम संपली असं समजावं.

छोटीच्या बाबांनी यावर शहाणपणाचा उपाय केला : तीच फ्रेम, त्याच मापाची आणखी एक घेऊन ठेवली, रिकामी. पहिली तुटली तेव्हा जुन्याच काचा नव्या फ्रेमीत तासाभरात बसल्या. नाहीतर नव्या काचा येईपर्यंत चार-सहा दिवस डावा डोळा पुन्हा सुट्टीवर गेला असता. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात विचारावं, सरकारी अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळेतल्या गरजू मुलांना चष्मे मोफत मिळतात. दुरुस्तीनंतर मात्र एक गोष्ट घरी तपासाच. गोल फ्रेमीत उजवी-डावी काच अदलाबदल होऊ शकते. चष्मा वर्तमानपत्रावर चार बोटं वर धरा. ज्या डोळ्याचा अधिक नंबर मोठा, त्या बाजूच्या काचेतून अक्षरं जास्त मोठी दिसली पाहिजेत. उलटं दिसलं तर तसाच दुकानात परत न्या.

राहिला शाळेत विसरण्याचा प्रश्न. दोन महिने सगळं सुरळीत चाललं, आणि मग चष्मा आठवड्यातून दोनदा शाळेत राहायला लागला. आईनं रागावून पाहिलं, बक्षीस लावून पाहिलं. पुन्हा तोच प्रश्न विचारला, नेमका कधी निघतो? दोघींनी वेळापत्रक पुढे घेतलं. विसरण्याचे दिवस होते मंगळवार आणि शुक्रवार, आणि त्या दिवशी तिसऱ्या तासाला पी.टी. होती. सर सांगायचे, चष्मे काढून ठेवा. छोटी तो नळापाशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची, खेळून घामाघूम होऊन यायची, तोंड धुवायची आणि थेट डबा खायला जायची. चष्मा कट्ट्यावरच राहायचा. म्हणजे अकरा वाजता निघालेला चष्मा दुसऱ्या दिवसापर्यंत नाकावर येत नव्हता. आळशी डोळ्यासाठी तासांचाच हिशोब असतो, आणि असे दोन दिवस म्हणजे आठवड्यातला मोठा वाटा.

उपाय साधा निघाला. पॉलिकार्बोनेटच्या काचा आणि डोक्यामागून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा असेल तर धावपळीच्या खेळात चष्मा काढायची गरज नसते, हे सरांना सांगितलं. क्रिकेटच्या सीझन बॉलसारखा टणक चेंडू असेल तर मात्र साधा चष्मा पुरेसा नाही, तिथे खेळाचा खास गॉगल लागतो. तोंड धुताना चष्मा काढावाच लागतो, त्यासाठी बाईंच्या टेबलावर तिच्या नावाची एकच डबी ठेवली : चष्मा नाकावर नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही. डब्याच्या झाकणावर चष्म्याचं चित्र चिकटवलं, म्हणजे खायला बसताना आठवण होते. आणि रिक्षावाल्या काकांना सांगितलं की गाडी सुरू करायच्या आधी छोटीच्या नाकाकडे बघायचं. पुढच्या महिन्यात चष्मा एकदाच राहिला, तोही स्नेहसंमेलनाच्या गोंधळात.

चार महिन्यांनी तिचा डावा डोळा ६/१२ पर्यंत आला, केवळ चष्म्यावर. आळशी डोळ्याच्या बऱ्याच मुलांमध्ये हे पहिले काही महिने चष्माच पुष्कळ काम करतो, म्हणून पट्टीची घाई आम्ही करत नाही. उरलेल्यासाठी उजव्या डोळ्यावर रोज पट्टी लावायला सांगितलं. आईनं लगेच विचारलं, म्हणजे आता शाळेत पुन्हा चिडवणार? तसं होणार नव्हतं. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्यासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असं अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाच्या २००३ सालच्या चाचणीत दिसलं होतं. दोन तास संध्याकाळी घरीच भागतात, रंगकाम आणि गोष्टी यांत. पट्टी कातडीवर चिकटवायची आणि चष्मा तिच्यावरून घालायचा. चष्म्याच्या काचेवर चिकटवली तर मूल कडेनं बघतं.

पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे. त्या वेळी दोन्ही फ्रेमी आणि घरात पडलेला पहिला मोठा चष्माही बरोबर आणा, असं मी त्यांना कागदावर लिहून दिलं. नंबर बदलला असेल तर रिकाम्या फ्रेमीत नव्या काचा घालता येतील, आणि पहिला चष्मा कपाटातून काढून बाजूला करावा लागेल. घाईत तोच कुणीतरी तिच्या नाकावर चढवण्याचा धोका असतो.